सर्टिफिकेट संपलं आणि काटा थांबला

आमच्या कंपनीत मी धरून सहा-सातच माणसं. अमरावतीला राजापेठेच्या पुढे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो. मालक अकोल्याला राहतात आणि आठवड्यातून एखादा दिवस येतात. त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो. वरुड, मोर्शीकडच्या संत्र्यांच्या धरमकाट्यांसाठी आम्ही एक ॲप बनवलं आहे. काट्यावर ट्रक चढला की वजन टॅब्लेटमध्ये येतं, टॅब्लेट ते आमच्या सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर पावतीचा नंबर देतो आणि पावती छापून निघते. ती पावती हातात पडल्याशिवाय ट्रक दिल्लीकडे हलत नाही. टॅब्लेट आणि सर्व्हर ज्या दारातून एकमेकांशी बोलतात त्याला आम्ही एपीआय म्हणतो. हे दार बंद पडलं की काय होतं, ते मला मृग बहाराच्या ऐन हंगामात कळलं.

त्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. आमच्याकडे ग्राहकांचे फोन घेणाऱ्या मुलीचा होता.

"ताई, शेंदूरजनाघाटचे काटे बंद हायेत. पावतीच निघून नाही राहिली."

"नेटवर्क पाहायला सांग त्यांना. तिथला टॉवर नेहमीच जातो."

हे वाक्य मी इतक्या सहज म्हटलं, की त्यात आमचा जवळपास एक तास गेला. तिनं त्यांना सिम बदलायला सांगितलं, टॅब्लेट बंद-चालू करायला सांगितलं. मी ऑफिसात येऊन सर्व्हरवर नजर टाकली. आमच्या पाहणीच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, एपीआय चालू. मग मोर्शीहून फोन आला, परतवाड्याहून आला. एकाच सकाळी तीन गावांचे टॉवर कसे जातील? तरीही एकदा सर्व्हर बंद करून सुरू केला. काही सुचलं नाही की माणूस तेच करतो. काहीही फरक पडला नाही.

शेवटी मी एपीआयचा पत्ता सरळ ब्राउझरमध्ये टाकला. समोर तो लाल पडदा आला, हे कनेक्शन सुरक्षित नाही असं सांगणारा. खाली कारण लिहिलेलं होतं. सर्टिफिकेटची मुदत आज पहाटे साडेपाचच्या सुमाराला संपली होती.

सर्टिफिकेट म्हणजे आमच्या सर्व्हरचं ओळखपत्रच. टॅब्लेट बोलायला आला की सर्व्हर आधी ते दाखवतो, टॅब्लेट त्यावरचं नाव आणि मुदत तपासतो, आणि मगच पुढे बोलतो. मुदत संपली असली तर तो तोंड फिरवतो. सर्व्हरला काहीच झालेलं नसतं. आमचा पडदा हिरवा दिसत होता, कारण आमची पाहणी सर्व्हरच्या आतूनच व्हायची. आतल्या आत विचारलं की ओळखपत्र कोणी मागत नाही.

मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. शेजारी फोन घेणारी मुलगी दचकली.

त्या संतापाला कारण होतं. आमच्या बाकीच्या सगळ्या पत्त्यांची सर्टिफिकेटं आपोआप नवी होत होती. एपीआयचं तेवढं वेगळं होतं. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या कंपनीनं विकतचं, वर्षभराचंच सर्टिफिकेट पाहिजे असा हट्ट धरला होता, म्हणून माझ्या एका सहकाऱ्यानं ते विकत आणून हातानं बसवलं होतं. तो नंतर नोकरी सोडून हैदराबादला गेला. काही महिन्यांपूर्वी मी सरांना म्हटलं होतं, की हेही आपोआप होईल असं करून घेऊ, दोन दिवस द्या. व्यापाऱ्याच्या कंपनीशीही मी बोलले होते, त्यांची आता हरकत नव्हती. सर म्हणाले होते, "चालू हाय ना? मंग चालत्या गाडीले हात कायले लावा लागते?" आणि त्यांनी मला दुसऱ्या कामाला लावलं.

आता मुदत संपत आल्याची सूचना देणारे मेल कुठे गेले, याचा शोध घेतला. ते त्या सहकाऱ्याच्या ऑफिसच्या मेलवर जात होते. तो गेल्यावर त्याची ती मेलपेटी आम्हीच बंद केली होती. सर्टिफिकेट जिथून विकत घेतलं तिथलं खातंही त्याच मेलवर. पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा पासवर्ड त्याच बंद पेटीत.

मी त्याला फोन लावला. तो मीटिंगमधून बाहेर आला, दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खातं सोडून दे. फुकटवालं काढ, पाच मिनिटांत मिळते. फक्त डोमेन आपलं हाय हे दाखवा लागन."

"डोमेनचं लॉगिन सरांकडं आहे."

"अजून सरांकडंच?" तो म्हणाला.

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं आमच्या कंपनीचं नाव; ते आपलंच आहे हे दाखवायचं म्हणजे त्याच्या नोंदींत एक ठरावीक ओळ टाकायची. ते खातं सरांच्या नावावर, आणि आत शिरायला ओटीपी लागतो तो सरांच्या मोबाइलवर. सर त्या दिवशी अकोल्यात भाचीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, होते. मी फोन करत राहिले. कधी व्यस्त, कधी कोणी उचलत नव्हतं. इकडे आमच्या दोन्ही फोनवर काटेवाल्यांची रांग. एकजण तर ओरडत होता, "मॅडम, रोडवर ट्रकची लाइन लागून राहिली, ऊन काय हाय पाहून राहिल्या का तुमी? संत्रा हाय तो, सिमेंट नाही!"

सगळं कळलेलं असून हात बांधून बसणं, यापेक्षा सर्व्हर जळून गेलेला बरा, असं तेव्हा मला खरंच वाटलं.

साडेअकराच्या सुमाराला सरांनी फोन उचलला. मागं सनईची रेकॉर्ड आणि भांड्यांचे आवाज.

"बोल लवकर. पंगत बसून राहिली इथं."

"सर, ओटीपी पाहिजे. आत्ता येईल."

"अन् हे होऊन काहून राहिलं? मले सकाळपासून काटेवाल्यांचे फोन हायेत."

"ओटीपी सांगा, सर. बाकी मग सांगते."

त्यांनी आकडे सांगितले. ओळ टाकली, नवं सर्टिफिकेट आलं, सर्व्हरवर बसवलं, ब्राउझरमध्ये लाल पडदा गेला. मोर्शी सुरू झालं. परतवाडा सुरू झालं. फोन घेणारी मुलगी खुर्चीवर मागे रेलून हसली आणि तेवढ्यात फोन वाजला.

शेंदूरजनाघाटचे दोन काटे पुन्हा बंद पडले होते.

"पुन्हा म्हणजे?" मी तिच्या हातातून फोन घेतला. "तुमचे तर सकाळपासून बंदच होते ना, काका?"

"नाही ना! मधात दोन तास चालू होते. आता तुमी काही केलं अन् बंद पडले."

मला काही समजेना. आमच्याकडून दुरुस्ती होण्याआधी त्यांचे काटे चालूच कसे होते? आणि दुरुस्त झाल्यावर बंद कसे पडले? मी नोंदी उघडल्या. खरंच, त्या दोन काट्यांवरून पावत्या निघाल्या होत्या. सगळ्या परवाच्या तारखेच्या.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. "काका, टॅब्लेटची तारीख कोणी बदलली का?"

"व्हय. दोन दिवस मागं घेतली. तुमच्या सरनंच सांगतलं फोनवर."

सर्टिफिकेटची मुदत टॅब्लेट स्वतःच्या घड्याळाशी लावून पाहतो. घड्याळ दोन दिवस मागं नेलं, की त्याच्या लेखी जुनं सर्टिफिकेट अजून जिवंत. म्हणून काटा चालला. पण आमचं नवं सर्टिफिकेट आजचं. टॅब्लेटच्या घड्याळात अजून परवाचा दिवस. त्याच्या दृष्टीनं हे ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा तोंड फिरवलं. तारीख नीट केली आणि काटे सुरू झाले.

परंतु त्या दोन तासांतले ट्रक परवाच्या तारखेची पावती घेऊन निघून गेले होते. ॲप पावतीवर टॅब्लेटचीच तारीख छापत होतं आणि आमचा सर्व्हर ती मुकाट्यानं ठेवून घेत होता. दिल्लीच्या मंडीच्या फाटकावर व्यापाऱ्यांनी ते ट्रक अडवले. माल शिळा आहे, म्हणाले. वरुडच्या अडत्यांना तासन्‌तास फोन करून एकेक पावती खरी असल्याचं पटवावं लागलं. काही माल व्यापाऱ्यांनी घेतलाच नाही. आमच्या बिघाडानं सकाळचे काही तास गेले होते, या उपायानं पुढचे तीन दिवस खाल्ले.

अशा घटनेनंतर जो अहवाल लिहितात त्याला आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम म्हणतात. काय घडलं, कोणत्या क्रमानं, कशामुळे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तो लिहिण्याची एक रीत आहे. त्यात माणसाचं नाव घालायचं नाही. नाव घातलं की सगळे त्या नावाकडे बघतात, आणि ज्या भोकातून पाणी शिरलं ते तसंच राहतं. आधीच्या कामाच्या ठिकाणी मी असंच शिकले होते.

मी लिहिलं. पहाटे सर्टिफिकेटची मुदत संपली. सात वाजता पहिली तक्रार. आठपर्यंत नेटवर्कचा संशय, तो चुकीचा. त्यानंतर थोड्याच वेळात खरं कारण कळलं. तिथून साडेअकरापर्यंत डोमेनच्या खात्यात शिरता आलं नाही. दरम्यान दोन काट्यांना टॅब्लेटची तारीख मागे घेण्याची सूचना दिली गेली. दुपारी बाराच्या आत नवं सर्टिफिकेट बसलं, मागच्या तारखेचे काटे त्यामुळे बंद पडले, साडेबारापर्यंत सगळे सुरू. कारणांत लिहिलं, की मुदतीच्या सूचना अशा पेटीत जात होत्या जी कोणी उघडत नव्हतं, आणि आमची पाहणी आतून होत असल्यानं बाहेरचं दार बंद असल्याचं तिला दिसत नव्हतं. उपायांत लिहिलं: एपीआयचं सर्टिफिकेटही आपोआप नवं व्हावं. बाहेरून, टॅब्लेटसारखंच येऊन, रोज मुदत तपासणारी पाहणी असावी, आणि महिनाभर आधी तिनं ओरडावं. सूचना एका माणसाला नाही, सगळ्यांच्या सामायिक पेटीत याव्यात. डोमेनच्या खात्यात किमान दोघांना शिरता यावं. पावतीवर तारीख सर्व्हरची छापावी, टॅब्लेटची नाही.

अकोल्याला बोलावणं आलं. मूर्तिजापूरवरून बसनं गेले. सरांच्या घरातलीच पुढची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"यात त्या पोराचं नाव कुठं हाय?"

"कोणत्या?"

"जो सोडून गेला. त्यानंच बसवलं ना ते? जाताना सांगून जायचं नाही का त्यानं?"

"सर, त्यानं कामं सोपवताना सांगितलं होतं. आपण त्याची पेटी बंद केली."

"तुमी बंद केली, मी नाही. लोकं मले विचारून राहिले कोनामुळं झालं म्हणून. मी काय सांगू, पेटीमुळं झालं?"

"हो. तेच खरं आहे."

"लिही त्याचं नाव. तो तर आता इथं नाही. त्याले काय फरक पडते?"

मला राग आवरेना. मी कागदावर बोट ठेवलं. "नावं लिहायची असतील तर सगळ्या ओळींना लिहावी लागतील, सर. ही ओळ बघा. तारीख मागे घेण्याची सूचना दिली गेली. इथं कोणाचं लिहू?"

आतून काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. सर चष्मा काढत म्हणाले, "मी चांगल्यासाठी सांगतलं होतं. ट्रक उभे होते उन्हात."

"माहीत आहे मला. म्हणूनच नाव नाही लिहिलं."

त्यांनी त्या सहकाऱ्याच्या नावाचा आग्रह सोडला. मात्र एक ओळ स्वतःच्या हातानं खोडली. आपोआप नूतनीकरणाचा प्रस्ताव आधी मांडला होता, त्याला प्राधान्य मिळालं नाही, अशी ती ओळ होती. दुसऱ्याचं नाव नको म्हणून भांडले, तर माझं शहाणपण कागदावर राहावं म्हणून कसं भांडू? बसमध्ये मात्र मूर्तिजापूर येईपर्यंत ती खोडलेली ओळच मनात फिरत होती. माझं म्हणणं खरं होतं आणि ते कुठंही लिहिलेलं राहणार नव्हतं.

आठवडाभरानं त्या सहकाऱ्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"तू काय लिहिलं माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काहीच नाही. का?"

"माझे बाबा काट्यावर गेले होते माल घेऊन. तिथं लोकं म्हणाले, तुमच्या पोरानं काटा बंद पाडला म्हणून. सरनं सांगितलं म्हणे सगळ्यांना, फोनवर."

तो शेंदूरजनाघाटचा होता हे मला माहीत होतं, पण त्याचे वडील आमच्याच काट्यावर संत्रा आणतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. कागदावरून नाव काढलं होतं, तोंडातून काढलं नव्हतं.

मी सरांना विचारलंही नाही. चुकलेल्या पावत्या रद्द करून नव्या देण्यासाठी तिकडे कोणालातरी जायचंच होतं. दुसऱ्या दिवशी वरुडची बस धरली. शेंदूरजनाघाटच्या काट्यावर पोचले तेव्हा वजनाला दोन ट्रक उभे होते आणि शेडमध्ये दहा-बारा माणसं बसली होती. काटेवाल्या काकांनी खुर्ची दिली. मी कामाचं बोलले, पावत्या दिल्या, आणि म्हटलं, "त्या दिवशी काय झालं त्याचं आम्ही पोस्टमॉर्टेम लिहिलंय. वाचून दाखवते."

"पोस्टमॉर्टेम?" कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "कोन मेलं?"

सगळे हसले. काटेवाले काका हळूच म्हणाले, "तेच तुमच्या त्या पोराचे बाबा."

कागद इंग्रजीत होता. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. कोणीतरी मध्येच विचारलं, "म्हणजे मशीन चालू होती, तरी बंद?" मी म्हटलं, "हो. बँकेत पैसे तुमचेच असतात, पण केवायसी राहिली की खातं अडवतात ना? तसं." यावर दोघं-तिघं एकदम त्यांच्या बँकेबद्दल तावातावानं बोलू लागले, आणि त्यांना थांबवायला वेळ लागला.

शेवटी म्हातारा उठून जवळ आला. अंगात पांढरा सदरा, हाताला संत्र्याच्या डिंकाचे काळे डाग.

"पोरी, सरळ सांग. माह्या पोरानं केलं का?"

"नाही, काका. त्यानं बसवून दिलेलं सर्टिफिकेट ठरलेल्या दिवसापर्यंत नीट चाललं. नवं आणायची आठवण ज्या पेटीत येत होती ती आम्ही बंद करून बसलो. तो तेव्हा आमच्याकडे नव्हताही. उलट त्या दिवशी त्यानंच मला फोनवर उपाय सांगितला."

"मंग तुमचा साहेब त्याचं नाव काहून घेऊन राहिला?"

सरांना वाईट म्हणावं असं नव्हतं, आणि त्यांनी केलं ते बरोबर आहे असंही नव्हतं. मी म्हटलं, "त्यांची चूक झाली."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पण बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "हे आता बारा लोकांनी ऐकलं. ते शंभर लोकांनी ऐकलं होतं. त्याईले कोन सांगन?" मग माझ्याकडे बघून, "लिहून दे. मराठीत. इथं लाव."

काट्याच्या ऑफिसातच एक कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. काय घडलं, कशामुळे, आम्ही काय दुरुस्त करतो आहोत. नाव कोणाचंच नाही. शेवटी एक वाक्य जास्तीचं घातलं, जे इंग्रजी कागदात नव्हतं: पूर्वी काम करून गेलेल्या कोणत्याही माणसाचा यात दोष नाही. खाली कंपनीचं नाव आणि माझी सही. काटेवाल्या काकांनी तो वजनाच्या खिडकीशेजारी चिकटवला. लोक रांगेत उभे असताना तिथंच बघतात.

संध्याकाळी बसमध्ये असतानाच सरांचा फोन आला. मी अमरावतीला पोचण्याआधीच बातमी अकोल्याला पोचली होती.

"हे कोनाले विचारून लावलं?"

"कोणालाच नाही."

"उद्या तुले काढून टाकलं तर?"

"तर माझं मेलचं खातं बंद करण्याआधी त्यात काय काय येतं ते बघून घ्या, सर."

मग त्यांनी फोन ठेवला.

मला काढलं नाही. सर्टिफिकेट आता आपोआप नवं होतं, बाहेरची पाहणी रोज दार वाजवून बघते, पावतीवर सर्व्हरची तारीख येते. डोमेनच्या खात्याचं मात्र सर अजून "करतो, करतो" म्हणतात. दर मीटिंगला मी तो मुद्दा काढते, आणि दर मीटिंगला ते चहा मागवतात. सहकाऱ्याचा त्यानंतर एकदाच फोन आला. बाबा आता काट्यावर जातात तेव्हा नव्या माणसांना तो कागद बोट लावून दाखवतात, म्हणाला, आणि त्याला आता त्या दाखवण्याचीच जास्त लाज वाटते.

"तो कागद काढून टाकायला सांगू का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."